नफा झाला, पण भांडवलाचे भाडे निघाले का?

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत असते तशी मध्यम आकाराची एक फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यांना ती कास्टिंग पुरवते. मालकी एकाच कुटुंबाची, पण कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. पुढचे सगळे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. खरी फाउंड्री याहून लहान असेल, मोठी असेल, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

वर्षाची विक्री ४० कोटी रुपये. कच्चा माल, वीज, पगार, घसारा असे सगळे वजा जाता उरले ३ कोटी ८० लाख. बँकेचे ८ कोटींचे कर्ज आहे, दर १० टक्के, म्हणजे व्याज ८० लाख. राहिले ३ कोटी. त्यावर सोयीसाठी सरसकट २५ टक्के कर धरू, म्हणजे ७५ लाख. निव्वळ नफा २ कोटी २५ लाख. सीए सही करतात, बँकेचा अधिकारी समाधानाने मान डोलावतो, घरात पेढे वाटले जातात.

यात खोटे काहीच नाही. हा नफा कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने काढलेला आहे आणि बरोबर आहे. तरीही याच वर्षी ही फाउंड्री आपल्या मालकांसाठी ३० लाख रुपयांनी कमी पडली, असे दुसऱ्या एका मापाने म्हणता येते. त्या मापाचे नाव इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड, मराठीत आर्थिक मूल्यवर्धन. बोलताना सगळे ईव्हीए म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दोन उत्तरांमधला फरक कुठून येतो हे पाहायला नफा-तोटा पत्रक पुन्हा एकदा वरून खाली वाचावे. त्यात बँकेच्या पैशाचे भाडे आहे: ८० लाखांचे व्याज. पण कारखान्यात बँकेचेच पैसे नाहीत. कुटुंबाचे भागभांडवल आणि वर्षानुवर्षे नफ्यातून साठत गेलेली गंगाजळी मिळून १७ कोटी रुपये त्यात गुंतलेले आहेत, म्हणजे बँकेच्या दुपटीहून अधिक. या १७ कोटींचे भाडे पत्रकात कुठेच नाही. स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात बसणारा दुकानदार भाडे भरत नाही, म्हणून त्याला धंदा बरा चालल्यासारखा वाटतो. पण तोच गाळा दुसऱ्याला देऊन तो किती कमावू शकला असता, हा आकडा त्याच्या वहीत नसतो. ताळेबंदातल्या मालकाच्या भांडवलाचे अगदी तसेच आहे.

लेखाशास्त्राने ही ओळ मुद्दाम वगळली आहे, आणि त्याला कारण आहे. बँकेशी करार असतो, त्यात दर लिहिलेला असतो, हप्ता चुकला तर नोटीस येते. मालकाशी असा करार नसतो. त्याच्या पैशाचा दर अंदाजाने ठरवावा लागतो, आणि ज्याची पावती नाही असा अंदाजी खर्च पत्रकात टाकायला ऑडिटर तयार होणार नाही. ते योग्यही आहे. पण जो खर्च लिहिला जात नाही तो हळूहळू डोक्यातूनही जातो, आणि मालकाचा पैसा फुकटचा आहे असे मानून निर्णय होऊ लागतात. खरी अडचण इथे आहे.

कल्पना नवी नाही. आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते की धंद्याच्या नफ्यातून गुंतलेल्या भांडवलावरचे चालू दराचे व्याज वजा करावे आणि उरेल तीच उद्योजकाची खरी कमाई मानावी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्या आपल्या विभागांचा हिशेब याच रीतीने पाहत. पाठ्यपुस्तकांत त्याला रेसिड्युअल इन्कम म्हणतात. पुढे १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टर्न स्ट्युअर्ट ही सल्लागार कंपनी सुरू झाली. जोएल स्टर्न आणि बेनेट स्ट्युअर्ट यांनी याच कल्पनेला ईव्हीए हे नाव दिले, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवले आणि कारखान्यांच्या रोजच्या कारभारात उतरवण्याची पद्धत बसवली. कोका-कोलाचे प्रमुख रॉबर्टो गोइझुएटा हे या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते. १९८१ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी प्रत्येक उपधंद्याला विचारले की तुझ्यात गुंतलेल्या पैशाचा खर्च तरी तू भागवतोस का. कंपनीने १९७७ मध्ये मोठ्या हौसेने घेतलेला वाइनचा धंदा १९८३ मध्ये विकून टाकला. वाइनसाठी द्राक्षे, साठवण आणि वर्षांचा वेळ यांत पैसा फार अडकून पडतो. सरबताच्या अर्कात तेवढा अडकत नाही.

आता आपल्या फाउंड्रीचा हिशेब मांडू. त्याला तीन आकडे लागतात.

पहिला आकडा करोत्तर कार्यचालन नफ्याचा. म्हणजे धंद्याने, कर्ज कोणाचे आणि भांडवल कोणाचे हा विचार बाजूला ठेवून, कर भरल्यावर किती मिळवले. व्याज वजा करण्यापूर्वीचे ३ कोटी ८० लाख घ्यायचे आणि त्यावर २५ टक्के कर लावायचा. उरतात २ कोटी ८५ लाख. व्याज इथे मुद्दाम वजा करायचे नाही, कारण ते तिसऱ्या आकड्यात येणार आहे.

दुसरा आकडा गुंतलेल्या भांडवलाचा. ताळेबंदातली एकूण मालमत्ता समजा ३१ कोटी आहे: शेड, भट्ट्या, मोल्डिंगची यंत्रे, लोखंडी भंगाराचा साठा, ग्राहकांकडची येणी. त्यातले ६ कोटी भंगारवाल्यांचे आणि इतर पुरवठादारांचे देणे आहे, ज्यावर वेगळे व्याज पडत नाही. ते वजा केले की २५ कोटी उरतात. उलट बाजूने मोजले तरी तेच यायला हवेत: मालकांचे १७ आणि बँकेचे ८. दोन्ही बाजू जुळल्या की इथपर्यंत चूक झालेली नाही असे समजावे.

तिसरा आकडा भांडवलाच्या सरासरी खर्चाचा दर. बँकेचा दर १० टक्के, पण व्याजावर करात सवलत मिळते, म्हणून खरा भार साडेसात टक्केच. मालकांच्या पैशाचा दर १५ टक्के धरू. तो कसा ठरतो ते पुढे येईल. १७ कोटींवर १५ टक्के म्हणजे २ कोटी ५५ लाख, ८ कोटींवर साडेसात टक्के म्हणजे ६० लाख. एकूण ३ कोटी १५ लाख. २५ कोटींशी भागले की सरासरी दर १२.६ टक्के.

उरलेले काम वजाबाकीचे. धंद्याने मिळवले २ कोटी ८५ लाख, भांडवलाचे भाडे होते ३ कोटी १५ लाख, ईव्हीए उणे ३० लाख. दुसऱ्या शब्दांत, २५ कोटींवर करोत्तर परतावा ११.४ टक्के मिळाला आणि हवा होता १२.६ टक्के.

बीकॉम, एमबीए किंवा सीएच्या परीक्षेत हा प्रश्न येतो तेव्हा एक चूक वारंवार होते. विद्यार्थी निव्वळ नफा, म्हणजे २ कोटी २५ लाख, उचलतो आणि त्यातून ३ कोटी १५ लाख वजा करतो. उत्तर येते उणे ९० लाख. बँकेचा पैसा इथे दोनदा वसूल झाला: एकदा व्याज म्हणून निव्वळ नफ्यातून आणि पुन्हा सरासरी दरातून. चुकीच्या आणि बरोबर उत्तरातला फरक ६० लाखांचा आहे, आणि ८० लाख व्याजातून २५ टक्क्यांची करसवलत काढली की बरोबर ६० लाखच राहतात. असा आकडा जुळला की चूक कुठे झाली हे वेगळे सांगावे लागत नाही. तिची सख्खी बहीण म्हणजे सरासरी दर काढताना कर्जाला साडेसात ऐवजी पूर्ण १० टक्के लावणे. मग दर १३.४ टक्के होतो आणि ईव्हीए उणे ५० लाख. २० लाखांची करसवलत कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.

निव्वळ नफ्यापासूनच सुरुवात करायची असेल तर तीही वाट आहे. व्याज आधीच गेलेले असल्यामुळे आता फक्त मालकांच्या १७ कोटींचे भाडे वजा करायचे. २ कोटी २५ लाखांतून २ कोटी ५५ लाख गेले, पुन्हा उणे ३० लाख. दोन वाटांनी एकच उत्तर आले पाहिजे. परीक्षेत वेळ असेल तर हा ताळा जरूर करून पाहावा, आणि फरकाची संकल्पनाही यातच उघड होते. निव्वळ नफ्यात आणि ईव्हीएमध्ये जे अंतर आहे ते सगळेच्या सगळे मालकाच्या पैशाच्या किमतीचे आहे. दुसरे काही नाही.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी विचारतात: भांडवल वर्षाच्या सुरुवातीचे घ्यायचे की अखेरचे? वर्षभर जो पैसा कामाला लागला त्याचे भाडे द्यायचे असल्यामुळे सुरुवातीचे किंवा दोन्हींची सरासरी घेणे रास्त आहे. अखेरचा आकडा घेतला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या यंत्राचेही वर्षभराचे भाडे लागते.

आता त्या १५ टक्क्यांकडे वळू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हा दर कुठल्याही पावतीवर नसतो. सरकारी रोख्यातून जोखमीशिवाय साधारण ७ टक्के मिळत असतील, तर फाउंड्रीत पैसा घालणाऱ्याने त्याहून किती जास्त मागावे? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीसाठी तिचा भाव बाजाराबरोबर किती हेलकावे खातो यावरून हे काढतात. आपली फाउंड्री नोंदलेली नाही, म्हणून तशाच धंद्यातल्या नोंदलेल्या कंपन्या पाहून अंदाज करावा लागतो. मी वर ८ टक्के जास्त धरले. कोणी ६ टक्के धरले, तर मालकाच्या पैशाचा दर १३ टक्के होतो, भाडे ३४ लाखांनी उतरते आणि उणे ३० लाखांचे अधिक ४ लाख होतात. कारखान्यात एक वीटही हललेली नाही, तरी चिन्ह बदलले.

म्हणून कोणत्याही कंपनीचा ईव्हीए वाचताना आधी दर पाहावा आणि मगच आकडा. दर दरवर्षी थोडा थोडा खाली सरकतोय आणि ईव्हीए वर जातोय असे दिसले, तर सुधारणा कारखान्यात झाली की गृहीतकात, हे विचारण्याचा भागधारकाला पूर्ण अधिकार आहे. दर काही वर्षे तसाच ठेवून बदल मोजणे ही त्यातली प्रामाणिक रीत.

दुसरी मोकळी जागा म्हणजे दुरुस्त्या. लेखाशास्त्राचे नियम सावधपणासाठी आखलेले आहेत. उदाहरणार्थ, संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च भारतीय लेखामानकांनुसार त्याच वर्षी नफ्यातून वजा करावा लागतो, मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. समजा फाउंड्रीने या वर्षाच्या सुरुवातीला नव्या मिश्रधातूच्या चाचण्यांवर १ कोटी २० लाख खर्च केले आणि ते आपल्या ३ कोटी ८० लाखांच्या आकड्यातून आधीच गेलेले आहेत. या चाचण्यांचा उपयोग चार वर्षे होणार असेल, तर ईव्हीए मांडणारे म्हणतात की ही गुंतवणूकच आहे, तिला तसेच वागवा. मग या वर्षी खर्चात फक्त चौथा हिस्सा, ३० लाख, ठेवायचा आणि ९० लाख परत मिळवायचे. कर प्रत्यक्षात जेवढा भरला तेवढाच राहतो, त्याला हात लावायचा नाही. करोत्तर नफा ३ कोटी ७५ लाख झाला. भांडवलही १ कोटी २० लाखांनी वाढून २६ कोटी २० लाख झाले आणि त्याचे भाडे साधारण ३ कोटी ३० लाख. ईव्हीए आता अधिक ४५ लाख.

या दुरुस्तीमागची भावना मला पटते. ती नसेल तर वर्षअखेरीला आकडा सुधारायचा सोपा उपाय म्हणून व्यवस्थापक चाचण्याच थांबवतो, आणि तीन वर्षांनी ऑर्डर शेजारच्या फाउंड्रीकडे जाते. पण स्टर्न स्ट्युअर्टच्या यादीत अशा संभाव्य दुरुस्त्या दीडशेहून अधिक होत्या. त्यांनीही सगळ्या करा असे कधी सांगितले नाही. धंद्याला लागू पडणाऱ्या मोजक्याच घ्याव्यात असे सांगितले. दुरुस्त्या वाढल्या की आकडा कारखान्यातल्या माणसाला समजेनासा होतो, आणि न समजणाऱ्या आकड्यावर कोणी वागणूक बदलत नाही.

वागणूक बदलते ती मात्र खरोखर बदलते. आपल्या फाउंड्रीची येणी पाहा. ४० कोटींच्या विक्रीवर ग्राहक सरासरी ९० दिवसांनी पैसे देतात. नफ्याच्या मागे असलेला विक्री विभाग उधारीची मुदत वाढवून ऑर्डर आणतो, त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ईव्हीएमध्ये मात्र प्रत्येक दिवसाच्या उधारीला भाडे आहे. वसुली १५ दिवस आधी झाली तर सुमारे १ कोटी ६४ लाख रुपये मोकळे होतात. ते कर्जफेडीला किंवा लाभांशाला गेले, तर १२.६ टक्क्यांनी सुमारे २० लाख ७० हजारांचे भाडे वाचते. विक्री तेवढीच, कास्टिंग तेवढेच, आणि उणे ३० लाखांतला दोन-तृतीयांश खड्डा भरून निघाला. निव्वळ नफ्यात यातले फक्त वाचलेले व्याज दिसले असते, तेही पैसा बँकेकडे गेला तरच. साठ्याबद्दलही हेच. भाव वाढणार म्हणून यार्डात भरून ठेवलेले भंगार फुकट पडलेले नसते.

पण याच मापाने एक चांगला निर्णय वाईट दिसू शकतो, आणि इथे जरा थांबून पाहायला हवे. समजा कुटुंबाला ५ कोटींची नवी इंडक्शन फर्नेस घ्यायची आहे. ती दहा वर्षे चालेल, घसारा दरवर्षी ५० लाख. घसारा वजा करूनही ती दरवर्षी ७२ लाखांची भर घालेल, कर जाता ५४ लाख. नफ्याकडे पाहणारा लगेच हो म्हणेल: २ कोटी २५ लाखांत भर पडते आहे, आणि पैसा स्वतःचा घातला तर व्याजही नाही. ईव्हीएकडे पाहणारा म्हणेल, ५ कोटींचे भाडे १२.६ टक्क्यांनी ६३ लाख, मिळणार ५४ लाख, म्हणजे पहिल्या वर्षी ९ लाखांची आणखी घट. उणे ३० चे उणे ३९ होणार. प्रस्ताव फेटाळा.

दोघेही घाईत आहेत. दुसऱ्या वर्षी घसारा वजा जाता भट्टीची पुस्तकी किंमत साडेचार कोटी राहते, भाडे ५६ लाख ७० हजारांवर येते आणि तोटा २ लाख ७० हजार उरतो. तिसऱ्या वर्षी भट्टी ३ लाख ६० हजारांनी वर येते. पाचव्या वर्षी १६ लाख २० हजार, दहाव्या वर्षी ४७ लाख ७० हजार. भट्टी तीच, तिच्यातून वितळणारे लोखंड तेवढेच, तरी जसजशी ती जुनी होते तसतशी ती हुशार दिसू लागते. कारण तिचे भाडे उतरत्या पुस्तकी किमतीवर लागते.

या दहा वर्षांच्या ईव्हीएला १२.६ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून बेरीज केली, तर ती सुमारे ७३ लाख येते. आता भट्टीचा हिशेब रोख रकमेने करून पाहा. दरवर्षी हातात येणारी रोकड म्हणजे ५४ लाख अधिक घसाऱ्याचे ५० लाख, एकूण १ कोटी ४ लाख. दहा वर्षांची ही रोकड आजच्या किमतीत सुमारे ५ कोटी ७३ लाख होते. त्यातून भट्टीचे ५ कोटी वजा केले की पुन्हा ७३ लाख. हा योगायोग नाही. भविष्यातल्या सगळ्या ईव्हीएची आजची किंमत आणि प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे ज्याला सगळे एनपीव्ही म्हणतात ते, गणिताने एकच असतात. मला या मापातली सर्वांत भक्कम गोष्ट हीच वाटते. निव्वळ नफ्याच्या बेरजेला हा गुण नाही, कारण त्यात मालकाच्या पैशाचे भाडे कुठल्याच वर्षी आलेले नसते.

तेव्हा भट्टी घ्यायला हवी होती. ईव्हीएने चुकीचे सांगितले नाही. एका वर्षाच्या ईव्हीएवर निर्णय सोपवला ही चूक होती. पण ज्या व्यवस्थापकाचा बोनस याच वर्षीच्या आकड्यावर ठरतो, त्याने ती चूक करू नये अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे. तो जुनीच भट्टी डागडुजी करून चालवत राहील, ईव्हीए दरवर्षी सुधारत जाईल, आणि एक दिवस भट्टी बसेल तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत असेल. एखाद्या कारखान्याचा ईव्हीए वाढतोय आणि त्याच वेळी यंत्रांची पुस्तकी किंमत सतत घसरतेय, नवी खरेदी घसाऱ्यापेक्षा कमी आहे, असे तीन-चार वर्षे दिसले तर हेच चालले असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही आकडे वार्षिक अहवालात मिळतात.

स्टर्न स्ट्युअर्टला ही पळवाट माहीत होती. त्यांच्या पद्धतीत म्हणून बोनस बँक होती. चांगल्या वर्षाचा बोनस पूर्ण हातात द्यायचा नाही. काही भाग व्यवस्थापकाच्या नावे खात्यात ठेवायचा आणि पुढच्या वर्षांत ईव्हीए घसरला तर तो तिथून कापायचा. बोनसही ईव्हीए अधिक आहे की उणे यावर न देता तो ठरलेल्या अपेक्षेपेक्षा किती सुधारला यावर द्यायचा. आपल्या फाउंड्रीसारख्या उणे ३० लाखांवर असलेल्या ठिकाणी याला मोठा अर्थ आहे. तिथला व्यवस्थापक उणे ३० वरून उणे ५ वर आला, तर त्याने २५ लाखांची भर घातलीच. वारशाने मिळालेल्या धंद्याची शिक्षा त्याला का?

भारतात हे माप काही कंपन्यांनी मनापासून वापरले. मुंबईतल्या गोदरेज समूहाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यवस्थापकांचा बदलता पगार ईव्हीएशी जोडला. हिंदुस्थान लिव्हरने, म्हणजे आजच्या हिंदुस्थान युनिलिव्हरने, तो वार्षिक अहवालात छापला. इन्फोसिसच्या अहवालांतही ईव्हीएचे स्वतंत्र पान अनेक वर्षे असे, आणि ते पान शिकण्यासाठी फार उपयोगी आहे. इन्फोसिसवर कर्ज जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे तिच्या नफा-तोटा पत्रकात भांडवलाच्या खर्चाची म्हणावी अशी ओळच नसायची, सगळा पैसा भागधारकांचा होता. ईव्हीएच्या पानावर मात्र त्याच पैशाचे भाडे स्पष्ट लिहिलेले, दर कसा काढला तेही सोबत दिलेले, आणि भाडे वजा जाऊनही मोठी रक्कम शिल्लक. कर्ज नाही म्हणून भांडवल फुकट, हा समज खोडून काढायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सगळीकडे हे माप सारखे चालत नाही, हेही सांगायला हवे. भट्ट्या, शेड, साठा, येणी अशा ताळेबंदावर दिसणाऱ्या गोष्टींत पैसा गुंतलेला असतो तिथे ते नेमके बोलते. बँका आणि वित्तसंस्थांमध्ये कर्ज हा कच्चा मालच असतो, म्हणून तिथे व्याज बाहेर ठेवण्याची ही मांडणी बसत नाही. फक्त भागभांडवलाचे भाडे वजा करण्याची दुसरी वाट धरावी लागते. नव्याने सुरू झालेल्या आणि अजून तोट्यात असलेल्या कंपनीचा ईव्हीए उणेच येणार, आणि त्यावरून तिच्याबद्दल फारसे काही कळत नाही.

तुमचा स्वतःचा कारखाना, दुकान किंवा दवाखाना असेल, तर या मार्चअखेरीला सीएंनी दिलेल्या पत्रकाखाली पेन्सिलने दोन ओळी लिहा: धंद्यात अडकलेला स्वतःचा पैसा, आणि तेवढीच जोखीम घेऊन तो दुसरीकडे मिळवू शकला असता तो दर. गुणाकार करून निव्वळ नफ्यातून वजा करा. उत्तर उणे आले तर घाबरून धंदा बंद करू नका. आधी उधारीची यादी काढा, मग साठ्याची. आणि पुढच्या वर्षी तोच दर ठेवून पुन्हा मोजा.